मेंदीचा हिशोब डायला लावू नका! दोन तास डाय ठेवल्याने केस जास्त काळे होत नाहीत, उलट रंग लवकर उतरतो

विंझर (ता. राजगड, जि. पुणे) : लगीनसराई किंवा गावची यात्रा जवळ आली की किराणा दुकानातून डायची पाकिटं भराभर जातात. पाकिटावर ‘३० मिनिटं ठेवा’ असं लिहिलेलं असतं. पण घरोघरी एकच समज आहे, ‘जितका जास्त वेळ ठेवू तितका रंग पक्का बसेल.’ म्हणून डाय लावून कुणी जनावरांना वैरण टाकायला जातं, कुणी भाकरी थापायला बसतं, तर कुणी डोक्याला फडकं बांधून दुपारभर झोपतं. दीड-दोन तासांनी डोकं धुतलं जातं.

एवढं करूनही पंधरा दिवसांत केस लालसर दिसायला लागतात, हाताला राठ लागतात आणि कानामागे खाज सुटते. मग ‘पाकीट डुप्लिकेट निघालं’ असं म्हणून दुकानदाराला दोष दिला जातो. पुष्कळदा पाकीट बरोबरच असतं, वेळ चुकलेली असते. जास्त वेळ ठेवलेला डाय उलटा का पडतो, ते नीट समजून घेऊ.

ही सवय आली कुठून?

ही सवय मेंदीची आहे. मेंदी रात्री लोखंडी कढईत भिजवायची, सकाळी केसांना थापायची आणि तीन-चार तास ठेवायची, ही पद्धत आपल्या आयाबायांनी वर्षानुवर्षं पाळली. मेंदीच्या बाबतीत ती बरोबरच आहे. मेंदीच्या पाल्यात तयार रंग असतो. तो केसाला हळूहळू चिकटतो. जितका वेळ ओली मेंदी केसावर राहील तितका रंग जास्त चढतो आणि धुतल्यावरही एक-दोन दिवस हवा लागून तो गडद होत जातो. तिथे घाई केली तर नुकसान, थांबलं तर फायदा.

डायचं काम याच्या अगदी उलट आहे. डायच्या ट्यूबमध्ये किंवा पावडरीत तयार काळा रंग नसतोच. खोटं वाटत असेल तर पुढच्या वेळी नीट बघा. क्रीमची ट्यूब पिळली की ती बहुधा पांढरट किंवा फिकट निघते. दुसऱ्या बाटलीतलं डेव्हलपर त्यात मिसळलं की वाटीतलं मिश्रण आपल्या डोळ्यांसमोर आधी तपकिरी आणि मग काळं व्हायला लागतं. म्हणजे काळा रंग तिथे, त्या क्षणी तयार होत असतो. मेंदी हा तयार रंग आहे, डाय ही चालू असलेली प्रक्रिया आहे. सगळा फरक इथेच आहे.

केसात नेमकं काय घडतं?

केसाच्या वर माशाच्या खवल्यांसारखी बारीक साल असते. ही खवली एकमेकांवर घट्ट बसलेली असतात, त्यामुळे निरोगी केस गुळगुळीत लागतो. रंग टिकायचा असेल तर तो या सालीच्या आत, केसाच्या गाभ्यात जावा लागतो.

म्हणून डायमध्ये तीन गोष्टी असतात. पहिली अमोनिया किंवा त्याच्यासारखा क्षार. तो केस फुगवतो आणि खवली उघडतो. ‘अमोनिया नाही’ असं लिहिलेल्या पाकिटातही हे काम करणारा दुसरा क्षार असतोच. दुसरी गोष्ट म्हणजे कच्चा रंग. बहुतेक काळ्या डायमध्ये तो पॅरा-फेनिलीनडायअमीन नावाचा पदार्थ असतो, त्याला थोडक्यात पीपीडी म्हणतात. याचे कण इतके लहान असतात की उघड्या खवल्यांमधून ते सहज आत शिरतात. तिसरी गोष्ट म्हणजे डेव्हलपर, म्हणजेच हायड्रोजन पेरॉक्साईड. पाण्यात कालवायच्या पावडर डायमध्ये वेगळी बाटली नसते, तिथे हे काम करणारा घटक पावडरीतच मिसळलेला असतो आणि पाणी लागलं की तो कामाला लागतो.

पेरॉक्साईड कच्च्या रंगाचे लहान कण एकमेकांना जोडून मोठे करतं. मोठा झालेला कण काळा दिसतो आणि मोठा झाल्यामुळेच केसाच्या आत अडकून बसतो. डाय धुतला तरी निघत नाही तो यामुळे.

आता यातली खरी मेख बघा. कण लहान असेपर्यंतच आत जाऊ शकतो. हे जोडकाम केसाच्या आत जसं चालतं तसंच केसाबाहेर, डोक्यावर थापलेल्या लगद्यातही चालू असतं. अर्ध्या-पाऊण तासात बाहेरच्या लगद्यातल्या रंगाचे कणही बहुतेक मोठे झालेले असतात. आता ते आत शिरू शकत नाहीत. ते केसावर आणि कातडीवर नुसते बसून राहतात. धुताना जे काळं पाणी निघतं आणि नंतर उशीच्या अभ्र्यावर, टॉवेलवर जे डाग पडतात, तो बराचसा हाच रंग.

सिमेंटचं घमेलं डोळ्यांसमोर आणा. पाणी घातल्यावर सिमेंट ठरलेल्या वेळातच लावावं लागतं. एकदा ते आळलं की घमेल्यात आणखी दोन तास ठेवून किंवा वरून पाणी मारून उपयोग नाही. डायचंही तसंच आहे. पाकिटावरची वेळ ही त्या मिश्रणाचा जोर किती वेळ टिकतो त्यावरून ठरवलेली असते.

मग जास्त वेळात काय होतं?

रंगाचं काम थांबलं म्हणजे सगळंच थांबलं, असं होत नाही. क्षार अजून केसावर आहे, उरलेसुरलं पेरॉक्साईडही आहे. खवली उघडीच आहेत. केस फुगलेलाच आहे. म्हणजे फायदा थांबला, पण झीज चालू राहिली.

एक उदाहरण घेऊ. समजा, विंझरसारख्या गावातला पंचेचाळिशीचा एक गडी आहे. उद्या भाच्याचं लग्न आहे. सकाळी ७ वाजता त्याने वाटीत डाय कालवला, ७.१० पर्यंत डोक्याला आणि मिशीला लावून झाला. पाकिटावर ३० मिनिटं लिहिली आहेत, म्हणजे ७.४० ला धुवायला हवं. पण ‘लग्नात काळेकुट्ट दिसायला पाहिजेत’ म्हणून तो तसाच गोठ्यात गेला, धार काढली, दूध डेअरीवर घालून आला. डोकं धुतलं ९.३० ला.

पहिल्या अर्ध्या तासात, म्हणजे ७.४० पर्यंत, जो रंग आत जायचा तो जवळजवळ सगळा गेला. ८ च्या सुमाराला वाऱ्याने लगदा सुकायला लागला. सुकलेल्या डायचं काम होत नाही, कारण कणांची हालचाल ओलाव्यातच होते. त्यानंतरचा दीड तास रंगाच्या दृष्टीने वाया गेला. केसाच्या सालीला मात्र तो दीड तास भोवला.

धुतल्यावर केस पहिल्या दिवशी खरंच जास्त काळे दिसतात. इथेच माणूस फसतो. तो काळेपणा बराचसा वर बसलेल्या रंगाचा असतो. डोकं दोन-तीनदा धुतलं की तो निघून जातो. आणि जास्त वेळ उघडी राहिलेली खवली पुन्हा पहिल्यासारखी घट्ट बसत नाहीत. दार उघडं राहिलेल्या कणगीतून दाणे गळावेत तसा आतला रंगही दर धुण्याला थोडा थोडा बाहेर पडतो. म्हणजे रंग पक्का व्हावा म्हणून केलेल्या गोष्टीनेच तो कच्चा होतो.

लालसर दिसण्याचं आणखी एक कारण आहे. पेरॉक्साईड हे ब्लीचचंही काम करतं. डोक्यावर अजून जे मूळचे काळे केस आहेत, त्यांचा नैसर्गिक काळेपणा ते थोडा थोडा खातं. वरचा रंग असेपर्यंत हे कळत नाही. रंग उतरला की खालचे तांबूस केस उघडे पडतात. मग माणूस पुन्हा डाय आणतो, या वेळी आणखी जास्त वेळ ठेवतो आणि तेच चक्र पुन्हा फिरतं. दर वेळी मुळांपासून टोकापर्यंत डाय लावणाऱ्या बायकांच्या लांब केसांत हे जास्त दिसतं. टोकाचे केस आधीच पाच-सात वेळा डाय प्यायलेले असतात. ते झाडूसारखे राठ आणि मिट्ट काळे होतात, तर भांगातले नवे पांढरे केस मात्र फिकटच राहतात.

केस वाढतील, पण कातडीचं काय?

केस खराब झाले तर कापता येतात, नवे येतात. कातडीचं तसं नाही. जास्त वेळ डाय ठेवण्यातला खरा धोका तिथे आहे.

क्षार आणि पेरॉक्साईड कातडीवर जास्त वेळ राहिले की आग होते. डाय डोक्यावर असतानाच चुरचुरायला लागलं, तर ‘रंग चढतोय’ असं समजून बसून राहू नका. ती कातडी भाजत असल्याची खूण आहे. वेळ झाली असो वा नसो, लगेच भरपूर साध्या पाण्याने धुवून टाका.

दुसरा त्रास वेगळा आहे आणि तो जास्त फसवा आहे. तो म्हणजे पीपीडीची ॲलर्जी. ती बहुधा त्या क्षणी दिसत नाही. एक ते तीन दिवसांनी कानामागे, मानेवर, कपाळाच्या कडेला खाज सुटते, पुरळ येतं, पाणी सुटतं, पापण्या सुजतात. वरच्या उदाहरणातल्या माणसाचे डोळे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सुजले, तर तो लग्नातल्या जेवणाला किंवा धुळीला दोष देईल. डाय त्याच्या डोक्यातही येणार नाही.

‘मी दहा वर्षं हाच डाय लावतोय, मला काही होत नाही,’ असं बरेच जण सांगतात. पण ही ॲलर्जी पहिल्याच दिवशी होईल असं नसतं. शरीर काही वेळा सहन करतं आणि एक दिवस बिथरतं. कच्चा रंग जितका जास्त आणि जितका जास्त वेळ कातडीवर राहील, तितका तो आत जायला वाव मिळतो. आणि एकदा ॲलर्जी जडली की ती बहुधा जन्मभराची असते. मग ब्रँड बदलून उपयोग होत नाही, कारण बहुतेक काळ्या डायमध्ये पीपीडी किंवा त्याचाच भाऊबंद असतो.

म्हणूनच डायच्या पाकिटावर इशारा छापणं आपल्या देशात नियमानेच बंधनकारक आहे. त्यात दोन गोष्टी असतात. आधी कातडीवर चाचणी घ्या आणि हा डाय भुवया व पापण्यांना लावू नका, त्याने अंधत्व येऊ शकतं. अक्षरं बारीक असतात म्हणून कुणी वाचत नाही. मोबाईलने पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो काढून मोठा करून बघा, सगळं वाचता येतं.

चाचणी सोपी आहे. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडीशी जागा धुवून कोरडी करा. पाकिटात सांगितल्याप्रमाणे थोडा डाय लावा, सुकू द्या आणि २४ तासांनी साबण-पाण्याने हलकं धुवा. काही पाकिटांवर ४८ तास थांबायला सांगतात, तेवढं थांबलेलं बरं. तिथे लाली, खाज, सूज काही दिसलं तर तो डाय डोक्याला लावायचा नाही. पूर्वी काही झालं नसलं तरी दर वेळी ही चाचणी करावी.

काळ्या मेंदीचा घोळ

बाजारात ‘काळी मेंदी’ नावाने पाकिटं मिळतात. नाव मेंदीचं, म्हणून बायका ती तीन-तीन तास ठेवतात. पण मेंदीच्या पाल्याचा रंग केशरी-तांबडा असतो. तो एकटा काळा रंग देऊच शकत नाही. अर्ध्या तासात काळा रंग देणाऱ्या बऱ्याच ‘मेंदी’ पाकिटांत पीपीडी मिसळलेलं असतं. घटकांच्या यादीत ते नाव असलं की ती मेंदी नाही, डाय समजायचा. तिला वेळ डायची, चाचणीही डायची. ज्याला एकदा डायची ॲलर्जी झाली आहे त्याने तर ती हातावर नक्षी काढायलाही वापरू नये.

गडद रंग हवाच असेल तर काय करावं?

गडद रंग वेळ वाढवून येत नाही. तो योग्य छटा निवडून आणि नीट लावून येतो.

पाकिटावर छटेचा आकडा असतो. साधारणपणे १ म्हणजे काळा आणि आकडा वाढेल तसा रंग फिकट तपकिरी होत जातो. गेल्या वेळी गडद तपकिरी आणून रंग कमी वाटला असेल, तर पुढच्या वेळी एक पायरी गडद पाकीट घ्या. तपकिरी डाय दोन तास ठेवून काळा होत नाही.

केसांना तेल असताना डाय लावू नका. आपल्याकडे रोज चोपून खोबरेल लावायची सवय आहे. तेलाचा थर कच्चा रंग आत जाऊ देत नाही. आदल्या दिवशी केस धुवून ठेवा आणि मग कोरड्या केसांवर, किंवा पाकिटात जसं सांगितलं असेल तसं, डाय लावा. कपाळाची कड, कान आणि मानेवर मात्र थोडी व्हॅसलिन फिरवा, म्हणजे कातडी वाचते.

कालवायला प्लास्टिकची किंवा काचेची वाटी घ्या. मेंदीची लोखंडी कढई इथे चालत नाही. लोखंडाच्या संपर्काने पेरॉक्साईडचा जोर वाटीतच उतरतो. कालवल्यावर लगेच लावायला घ्या. अर्धा डाय सकाळी आणि उरलेला संध्याकाळी, असं करू नका. उरलेलं मिश्रण बाटलीत झाकण घट्ट लावून तर अजिबात ठेवू नका, आत वायू साठून बाटली फुटू शकते.

सगळ्यात आधी जिथे पांढरे केस जास्त आहेत तिथे लावा. बहुतेकांचं ते कानशिलाजवळ आणि कपाळावर असतं. पांढरा केस रंग घ्यायला हट्टी असतो, त्यामुळे त्याला पहिला आणि भरपूर डाय मिळायला हवा. पातळ हात फिरवून दोन तास ठेवण्यापेक्षा लगदा नीट बसेल असा लावून अर्धा तास ठेवलेला कधीही सरस. आधी डाय केलेल्या टोकांना दर वेळी लावायची गरज नसते. अगदीच फिकी वाटली तर धुण्याआधी पाच मिनिटं तिथे ओढून घ्या.

लावून झालं की मोबाईलवर टायमर लावा. काही पाकिटांवर वेळ लावून झाल्यापासून मोजायला सांगतात, काहींवर आधीपासून. ते वाचूनच ठरवा. तोपर्यंत उन्हात किंवा चुलीपुढे बसू नका, डाय लवकर सुकतो. वीस मिनिटांनी कानशिलाची एक बट ओल्या कापसाने पुसून बघा. आतला केस रंगलेला दिसला तर वेळ बरोबर चालली आहे. दिसला नाही तरी पाकिटावर लिहिलेल्या शेवटच्या मिनिटाच्या पुढे जाऊ नका. एवढं करूनही रंग कमी पडला, तर पुढच्या वेळी छटा बदला. त्याच दिवशी दुसऱ्यांदा डाय लावू नका.

धुताना पाणी कोमट किंवा साधं घ्या आणि ते स्वच्छ येईपर्यंत धुवा. कार्यक्रम असेल तर आदल्या दिवशी नाही, चार-पाच दिवस आधी डाय करा. कातडीवरचा डाग तोवर निघून जातो आणि ॲलर्जी व्हायचीच असेल तर ती कार्यक्रमाच्या आधी कळते.

त्रास झालाच तर

खाज किंवा पुरळ आलं तर पहिलं काम म्हणजे साध्या पाण्याने आणि सौम्य शॅम्पूने डोकं पुन्हा धुणं. त्यावर लिंबू, चुना, बाम किंवा घरात पडून असलेली कसलीही ट्यूब चोळू नका. पाकीट फेकू नका, डॉक्टरला दाखवायला बरोबर न्या. घटक कळले की निदान लवकर होतं. डोळ्यात डाय गेला तर कमीत कमी पंधरा मिनिटं पाण्याची धार सोडा आणि लगेच डॉक्टरकडे जा.

चेहरा किंवा ओठ सुजायला लागले, घसा आवळल्यासारखा वाटला, दम लागला, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. आपल्या भागातून मोठं रुग्णालय गाठायला घाटवळणाचा रस्ता आणि वेळ दोन्ही लागतात. अशा वेळी १०८ ला फोन करून जवळच्या सरकारी रुग्णालयात लगेच पोहोचायचं आणि ‘डाय लावला होता’ हे पहिल्याच वाक्यात सांगायचं.